‘सर, नववी.’

आज एका विद्यार्थिनीच्या मेसेजमध्ये एवढंच होतं. अशा वेळी ‘अडचण काय?’ विचारलं की उत्तर येतं, ‘गणित’. म्हणून मी आधी बोर्ड आणि माध्यम विचारतो, कारण धडे त्यावर ठरतात. मग एकच मागणं: जिथे अडलंस त्या वहीच्या पानाचा फोटो पाठव, खाडाखोड असली तरी चालेल.

राज्य मंडळ, मराठी माध्यम, बहुपदींची वजाबाकी. (5x² − 3x) − (2x² − 7x) चं उत्तर तिने 3x² − 10x लिहिलं होतं. हवं होतं 3x² + 4x. बहुपदी तिला कळली होती. कंसाबाहेरचं वजाचिन्ह दुसऱ्या पदापर्यंत पोचत नव्हतं. म्हणून पुढचा प्रश्न सातवीचा विचारला: 8 − (5 − 2) किती? उत्तर आलं, 1.

उद्या तिथूनच सुरुवात.