पहिल्या गोलचा भाव काढताना मी कुठे अडकले

लंडनमधल्या एका बेटिंग कंपनीत लागले तेव्हा पहिलं काम मिळालं प्रीमियर लीगमध्ये गोल कोण करणार याचे भाव काढायचं. ‘सामन्यात कधीही गोल’ आणि ‘पहिला गोल’ असे दोन वेगळे भाव.

सरावाला मी एक स्ट्रायकर कल्पून घेतला. पेनल्टी सोडून ९० मिनिटांत ३.२ शॉट, आणि दर शॉटला गोलची शक्यता ०.१२. म्हणजे पूर्ण सामन्यात ०.३८ गोल. पण हा गडी साधारण ७८ व्या मिनिटाला बाहेर येतो, म्हणून ०.३३. संघाला सामन्यामागे ०.१३ पेनल्टी धरल्या, शंभरातल्या ७८ गोल होतात असं मानलं, आणि तो मैदानावर असेल तेवढ्याच वेळेचा हिस्सा घेतला: आणखी ०.०९. एकूण ०.४२. त्यावरून त्याने निदान एक गोल करण्याची शक्यता:

```
1 - exp(-0.42) = 0.343
```

एकाला या शक्यतेने भागलं की भाव मिळतो, म्हणजे कंपनीचा नफा मिसळण्याआधी ‘कधीही गोल’चा भाव २.९२. पेनल्टी दुसरा कुणी घेत असेल, तर हाच भाव ३.५च्या वर जातो. म्हणून पेनल्टी कोण घेणार हे मी फार बारकाईने बघते. एप्रिल २०२४ मध्ये एव्हर्टनविरुद्ध चेल्सीचे खेळाडू पेनल्टीसाठी मैदानातच एकमेकांशी भांडले. शेवटी ती कोल पामरनेच घेतली आणि गोल केला.

सुरुवातीला माझ्या शॉटच्या आकड्यात पेनल्टीही मोजलेल्या होत्या आणि वर मी त्या पुन्हा मिळवत होते. संघाकडून १.६ गोल अपेक्षित असताना सगळ्या खेळाडूंची बेरीज १.७ आली, तेव्हा लक्षात आलं. आता ही बेरीज जुळल्याशिवाय मी पुढे जात नाही.

खरी अडचण आली ती ‘पहिला गोल’मध्ये. दोन्ही संघांचे मिळून २.७ गोल धरले होते. त्यात स्ट्रायकरचा वाटा ०.४२, सामना ०-० सुटण्याची शक्यता वजा केली, आणि भाव आला ६.९. शेजारी बसणारा सिनियर म्हणाला, “अगं, पहिला गोल होतो तेव्हा हा मैदानावर असतो की बेंचवर?”

त्या प्रश्नाने सगळं उलगडलं. ०.४२ हा आकडा ७८ मिनिटांतला आहे, आणि मी तो ९० मिनिटांवर पसरला होता. पहिला गोल बहुतेक वेळा तो बाहेर जायच्या आतच होऊन गेलेला असतो. दर मिनिटाचा हिशेब मांडला: ०.४२ भागिले ७८ हा त्याचा वेग, २.७ भागिले ९० हा सामन्याचा. त्यांचं गुणोत्तर ०.१८. त्याला ७८ मिनिटांत एक तरी गोल होण्याच्या शक्यतेने, म्हणजे ०.९०ने, गुणलं. आलं ०.१६२, भाव ६.२. आमचा ६.९ बाजारात गेला असता, तर जाणकारांनी तोच उचलला असता.

बदली खेळाडूचं गणित आणखी वेगळं. तो उतरण्याआधीच पहिला गोल झाला, तर बहुतेक ठिकाणी पैज रद्द होऊन पैसे परत मिळतात. म्हणून त्याचा भाव काढताना तो उतरतो तेव्हा स्कोअर ०-० आहे, हेच धरावं लागतं. संघ जाहीर होऊन तो बेंचवर दिसला, की त्याचे दोन्ही भाव मी नव्याने काढते.