बुकिंग पक्कं असूनही रूम नाही: माफीच्या पत्रात काय असायला हवं

बुकिंग पक्कं होतं, पैसे आगाऊ भरले होते, तरीही रात्री सव्वाअकराला रिसेप्शनवर आम्हाला सांगण्यात आलं की आज रूम शिल्लक नाही. ड्यूटी मॅनेजर बाहेर आल्या, माफी मागितली आणि एक पत्र हातात दिलं. ते हॉटेलच्या लेटरहेडवर छापलेलं होतं. आमचं नाव आणि दुसऱ्या हॉटेलचं नाव तेवढं पेनानं भरलेलं. त्यावरूनच कळतं की हे पत्र काउंटरखाली तयार असतं. हा प्रकार कुणावरही येऊ शकतो, आणि त्या वेळी सगळं त्या कागदावर ठरतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

हॉटेलं असं का करतात ते आधी सांगतो, कारण बोलताना त्याचा उपयोग होतो. आज रिकामी राहिलेली रूम उद्या विकता येत नाही. काही जण ऐन वेळी रद्द करतात, काही येतच नाहीत. समजा १०० रूमचं हॉटेल आहे आणि रोज साधारण ५ जण येत नाहीत, तर हॉटेल १०३-१०४ बुकिंग घेऊन ठेवतं. बहुतेक दिवशी ते जुळतं. ज्या दिवशी सगळेच येतात, किंवा कुणी मुक्काम वाढवतो, किंवा एखाद्या रूममध्ये पाणी गळायला लागतं, त्या दिवशी शेवटी येणाऱ्याला दुसरीकडे पाठवावं लागतं. त्यातही नेहमीचे मेंबर आणि ग्रुपचे पाहुणे सहसा वाचतात. उशिरा येणारे, एकाच रात्रीसाठी आलेले आणि बुकिंग साइटवरून स्वस्त दरात आलेले आधी निवडले जातात. आमचं विमान उशिराचं होतं आणि बुकिंग साइटवरून केलेलं होतं.

आमचं बुकिंग तीन रात्रींचं होतं. पत्रातला मुख्य मजकूर असा होता: ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनःपूर्वक दिलगीर आहोत. आजच्या रात्रीसाठी आपली व्यवस्था जवळच्या हॉटेलात करण्यात आली आहे. सदिच्छा म्हणून पुढील मुक्कामावर २५ टक्के सवलतीचं व्हाउचर सोबत देत आहोत.’ भाषा नम्र होती आणि मॅनेजर खरोखर अवघडल्या होत्या. पण यात कामाची एकही गोष्ट पक्की नव्हती.

पहिला प्रश्न पैशांचा. ‘व्यवस्था करण्यात आली आहे’ यातून बिल कोण भरणार ते कळत नाही. रूढ पद्धत अशी की पहिल्या रात्रीचं भाडं आणि कर जुनं हॉटेल भरतं, आणि पाहुण्यानं त्या रात्रीचे पैसे आधी दिले असतील तर ते परत मिळतात. काही हॉटेलं मात्र फक्त वरचा फरक भरतात. म्हणजे आपलं भाडं १०० आणि तिकडचं १४०, तर ते ४० देतात आणि आपले १०० तसेच खर्च होतात. दोन्हींत बराच फरक आहे आणि ‘व्यवस्था’ या शब्दात दोन्ही बसतात. आम्ही सरळ विचारलं, ‘तिकडे आम्हाला काहीच भरावं लागणार नाही ना, आणि आजच्या रात्रीचे पैसे परत येणार ना?’ त्या हो म्हणाल्या. मग तेच वाक्य पत्रात लिहून खाली सही करून घेतली. डिपॉझिटचंही विचारा. बिल जुन्या हॉटेलकडे असलं तरी चेक-इन करताना तुमच्या कार्डवर काही रक्कम अडकवून ठेवतात.

दुसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती सहसा कुणाला सुचत नाही. आपण त्या रात्री चेक-इन केलेलं नसतं, त्यामुळे रात्री दिवसाचा हिशोब बंद करताना आपलं बुकिंग ‘नो-शो’ म्हणून नोंदलं जाऊ शकतं. एकदा तसं झालं की बऱ्याच ठिकाणी उरलेल्या रात्रीही आपोआप रद्द होतात, वर न आल्याबद्दलचं शुल्क लागतं. म्हणून मॅनेजरना स्क्रीनवर तारीख बदलायला सांगा: पहिली रात्र वगळून उद्यापासूनचं बुकिंग. त्याचा नवा कन्फर्मेशन ईमेल तुमच्या फोनवर आल्याशिवाय काउंटर सोडू नका. आमच्या समोर त्यांना पाच मिनिटं लागली.

तिसरं, जायचं ठिकाण. ‘जवळच्या’ म्हणजे किती दूर, रूम तुमच्या नावावर खरंच आहे का, तिचा कन्फर्मेशन नंबर काय, हे विचारा. शक्य असेल तर तिथे फोन लावून स्वतः खात्री करा. आमच्यासोबत आई होती, म्हणून लिफ्ट आहे का, दोन वेगळे बेड आहेत का, तेही विचारलं. पहिल्यांदा सुचवलेल्या हॉटेलात लिफ्ट नव्हती, तेव्हा त्यांनी दुसरं शोधलं. मूळ रूममध्ये जे होतं (नाश्ता, बेड, दर्जा) ते तिकडे असावं, ही मागणी रास्त आहे आणि ती करायला संकोचू नये. टॅक्सी दोन्ही वेळची धरा: आज जाताना आणि उद्या परत येताना. परतीची पत्रात लिहून घ्या, कारण सकाळी दुसऱ्या पाळीच्या माणसांना रात्रीचं काही माहीत नसतं.

साइटवरून बुकिंग असेल तर काउंटरवरूनच साइटच्या हेल्पलाइनला फोन करा. मागाहून तक्रार केली तर आपला शब्द आणि हॉटेलचा शब्द एवढंच उरतं. त्या क्षणी फोन केला की साइट मॅनेजरशी थेट बोलते आणि नोंद राहते.

आता भरपाई. विमानात जागा नाकारली तर युरोपीय संघात २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार भरपाईचे आकडे ठरलेले आहेत. हॉटेलांसाठी असा सर्वत्र चालणारा तक्ता नाही, त्यामुळे समोरून आलेला देकार हा शेवटचा शब्द समजू नका. आम्हाला व्हाउचर नको होतं. ज्या गावाला पुन्हा जाणं होईल की नाही सांगता येत नाही, तिथल्या २५ टक्क्यांचा काय उपयोग? आम्ही त्याऐवजी उरलेल्या दोन रात्रींच्या बिलात कपात आणि परतल्यावर वरच्या दर्जाची रूम मागितली. कपात एका रात्रीपुरती मिळाली, रूम मिळाली, सकाळी उशिरा निघायची मुभाही मिळाली. मॅनेजरना स्वतःच्या अधिकारात देता येईल असं मागितलं की बोलणं लवकर संपतं. रूम, नाश्ता, वेळ हे त्यांच्या हातात असतं. रोख रकमेसाठी त्यांना वर विचारावं लागतं, आणि रात्री वर कुणी नसतं.

एक ओळ मात्र नीट वाचा. काही पत्रांच्या शेवटी ‘ही भरपाई अंतिम मानून पुढे कोणताही दावा करणार नाही’ असं असतं आणि खाली पाहुण्याची सही मागतात. पैसे परत मिळायचे बाकी असताना तिथे सही करू नका. पत्र मिळालं एवढ्यापुरती पोच द्या आणि तसं सहीशेजारी लिहा. संपूर्ण पत्राचा फोटो काढून ठेवा.

हे टाळता येतं का? पूर्णपणे नाही. पण उशिरा पोचणार असाल तर दुपारीच हॉटेलला फोन करून वेळ सांगा, बोललेल्या माणसाचं नाव लिहून ठेवा, आणि ऑनलाइन चेक-इनची सोय असेल तर करून टाका. त्यानं दुसरीकडे पाठवायच्या यादीतला आपला नंबर खाली सरकतो.

परत आल्यावर कार्डचं स्टेटमेंट तपासा. आमचे पहिल्या रात्रीचे पैसे वेळेत आले, पण साइटवर आमच्या नावापुढे ‘नो-शो’ लागलेलं होतं. सही असलेल्या पत्राचा फोटो पाठवल्यावर ते काढून टाकण्यात आलं.