आज बँक आहे

न्यू जर्सीतल्या शाळांना जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सुट्टी लागते. त्यामुळे आमच्या मुलांची उन्हाळ्याची सुट्टी साताऱ्यात भर पावसाळ्यात सुरू होते. हापूस संपलेला असतो, अजिंक्यतारा ढगात असतो आणि आईच्या गॅलरीत चार दिवस न वाळलेले टॉवेल. तरी फोनवर सगळे विचारतात, "मग, उन्हाळ्याच्या सुट्टीला येताय ना?" आम्हीही म्हणतो, "हो, येतोय."

२०२३ साली आम्ही सहा आठवड्यांसाठी गेलो. मी आणि दोन मुलं आधी, नवरा शेवटचे तीन आठवडे. मधले बारा-तेरा दिवस सासरी पुण्याला, बाकी सगळे माहेरी. निघायच्या महिनाभर आधीच आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने नावं लिहायला सुरुवात केली होती. एरवी त्या चौकोनांत दुधाचे खाडे लिहिलेले असतात. आता तिथे "मामा, वाई", "वन्सं, कऱ्हाड", "खालच्या आळीतल्या काकू" अशी एकोणीस घरं दाटीवाटीने बसली होती. पहिलं नाव आम्ही पोचायच्या दुसऱ्याच दिवशी होतं.

"अगं, दोन दिवस तरी झोपू दे."

"झोपायला काय लागतंय? जेवून आलीस की झोप."

हे वाक्य किती चुकीचं आहे ते कळायला आम्हा सगळ्यांनाच वाईला जावं लागलं. उन्हाळ्यात न्यू जर्सी आपल्या साडेनऊ तास मागे असते. दुपारी दोन वाजता साताऱ्यात पंगत बसते, तेव्हा मुलांच्या अंगातल्या घड्याळात पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. उलट रात्री दोन वाजता, सगळं घर घोरत असताना, त्यांच्या हिशेबाने शाळा सुटून घरी यायची आणि खायला मागायची वेळ झालेली असते. घड्याळ एका दिवसात साधारण तासाभराने सरकतं, म्हणजे आठवडा तरी जातोच. हे मला ठाऊक होतं. पण "मुलांचं घड्याळ अजून सरकलेलं नाही" हे मामीला फोनवर कसं सांगायचं, ते ठाऊक नव्हतं.

तर पाचव्या दिवशी वाई. जेवण साडेबाराचं ठरलेलं. मामांचे व्याही येणार म्हणून थांबलो, मग पुऱ्या गरमच हव्यात म्हणून थांबलो. ताटं वाढली तेव्हा दोन वाजून गेले होते. पाच वर्षांचा निहार पाटावर मांडी घालून बसला, श्रीखंडाचं बोट चाटलं आणि तसाच पुढे कलंडला. कपाळ वाटीत. नऊ वर्षांची इरा भिंतीला टेकून डोळे उघडे ठेवून झोपली होती, ही कला तिला कुठून आली माहीत नाही. मामी हळहळली, "पोरांना आमचं जेवण आवडलं नाही का गं?" मी निहारच्या भुवयांतलं केशर पुसत होते. त्या रात्री दोन वाजता दोघंही टक्क जागी आणि भुकेली. आईने वरण-भात लावला. कुकरच्या शिट्टीने वरच्या मजल्यावरचे आजोबा उठले आणि त्यांनी सकाळी चौकशी केली.

मला वाटतं आई तिथेच बदलली. बोलली काही नाही, पण सकाळी खोडरबर घेऊन कॅलेंडरपुढे उभी राहिली. पहिल्या आठवड्यातली सगळी जेवणं तिने नाश्त्यावर आणली. युक्ती नामी होती, कारण त्या दिवसांत पोरं रात्री दोनला उठून दुपारी बारापर्यंत ताजीतवानी असायची. सकाळी नऊला कुणाच्याही घरी गेलं तरी ती गोड वागत, पाया पडत, दुसऱ्यांदा पोहे मागत. अडचण वेगळीच होती. आपल्याकडे पाहुणचाराचा एक चढता भाव असतो. चहा, नाश्ता, जेवण, मुक्काम. एका घरी जेवलात आणि दुसऱ्या घरी नाश्त्यावर भागवलंत, की दुसऱ्याला वाटतं आपण एक पायरी खाली गेलो. आणि कोण कुठे काय जेवलं याची बातमी साताऱ्याहून कऱ्हाडला पोचायला तुमची गाडी पोचण्याच्या आधीचा वेळ पुरतो.

एकदा सगळ्यांना एकत्रच बोलावून मोकळं व्हावं, असंही मी सुचवून पाहिलं. बोलावलं. पन्नासेक माणसं जेवली, फोटो झाले, फार मजा आली. आणि चप्पल घालताना प्रत्येकाने विचारलं, "हे झालं. आता आमच्याकडे कधी?"

रिकाम्या दिवसाची चव पहिल्यांदा लागली ती मात्र वाईच्याही आधी, आषाढी एकादशीमुळे. २९ जूनला गुरुवारी एकादशी होती आणि एकादशीला कुणी कुणाला जेवायला बोलवत नाही. दिवसभर फोन नाही. मुलांनी साबुदाण्याची खिचडी खाल्ली, गॅलरीत बसून आजोबांबरोबर पत्ते कुटले, सांडलेल्या शेंगदाण्याच्या कुटावर आलेल्या मुंग्या मोजल्या. संध्याकाळी इरा म्हणाली, "आज आपण इंडियात आलो." तोपर्यंत तिच्या मते आम्ही नुसतेच गाडीत बसत होतो.

एकादशी पंधरा दिवसांतून एकदा येते, एवढीच तिच्यात खोट. हिशेबाला बसलो तर दोन घरांनंतर एक दिवस मोकळा हवा होता. एकोणीस घरांना नऊ मोकळे दिवस. अठ्ठावीस दिवस झाले, आणि माहेरचे दिवस जेमतेम तेवढेच होते, म्हणजे गणित कागदावर तरी सुटत होतं. पण मोकळा दिवस लोकांना सांगायचा कसा? "आज आम्ही आराम करणार आहोत" हे कारण आपल्या भाषेत कारण म्हणून धरलंच जात नाही. त्यावर उत्तर ठरलेलं असतं, "मग इथे येऊन करा की आराम, आम्ही काय खायला उठतोय?" पोट बिघडलं म्हणावं, तर तासाभरात कुणीतरी डाळिंबाची सालं घेऊन दारात. पाहुणे येणार म्हणावं, तर "कोण पाहुणे?" आईने दोन दिवस विचार केला आणि मोकळ्या चौकोनांत एकच शब्द लिहिला. बँक.

बँक हे कारण बिनतोड आहे. परदेशात राहणाऱ्या मुलीचं बँकेत काम नसेल असं कुणाला वाटतच नाही. केवायसी, सही जुळत नाही, साहेब जागेवर नाहीत, उद्या या. प्रत्येकाने हे भोगलेलं असल्यामुळे पुढे कुणी विचारत नाही, उलट सहानुभूती मिळते. "आज बँक आहे" म्हटलं की पलीकडून "अरे देवा" एवढंच येई. मुलांनी तर तो शब्द तसाच उचलला. सकाळी डोळे चोळत निहार विचारायचा, "आज बँक आहे का?" हो म्हटलं, की पुन्हा पांघरुणात.

हे आठवडाभर चाललं. ८ जुलैला कऱ्हाडच्या आत्याचा फोन आला. आईने नेहमीच्या सराईतपणे सांगितलं, "वन्सं, ती बँकेत गेलीय." पलीकडे जरा शांतता. मग आत्या म्हणाली, "वहिनी, आज दुसरा शनिवार."

आत्या एका बँकेत बत्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेली. महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार तिच्या रक्तात आहे. आई फोन हातात धरून इतकी लाल झाली की मला वाटलं, आता खरंच डॉक्टर बोलवावा लागणार. शेवटी फोन मी घेतला आणि खरं काय ते सांगितलं. आत्या ऐकून घेत होती. चिडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मी नोकरीत असताना रविवारी पाहुणे आले की मला रडू यायचं. सांगणार कुणाला?"

पुढचे दिवस पुण्यात गेले. सासरच्या बाजूची घरं निम्मी आणि तिथे लोक फोन करून वेळ घेतात, त्यामुळे बँकेची फारशी गरज पडली नाही. नवरा आला आणि त्याच्यासोबत आम्ही साताऱ्याला परतलो ते ऐन अधिक महिन्यात. त्या वर्षी अधिक श्रावण होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. अधिक महिना साधारण पावणेतीन वर्षांनी येतो, त्यात जावयाला तेहेतीस अनारशांचं वाण देतात आणि पुरणाचे धोंडे करून जेवू घालतात. अमेरिकेतला जावई अधिकात आयता हाती लागणं म्हणजे माहेरच्या बायकांना लॉटरीच. आईने तर केलंच, मामी आणि काकूही मागे राहिल्या नाहीत. तीन ताटं, नव्याण्णव अनारसे. ताटात अनारसे, वर दिवा, समोर संकोचून बसलेला माझा नवरा, आणि शेजारी निहार मोजतोय, एकतीस, बत्तीस.

त्या तीन जेवणांत मला एक गोष्ट कळली आणि ती थोडी बोचलीही. चौथ्या घरून बोलावणं आलं तेव्हा आई सहज म्हणाली, "जावईबापू दमलेत." झालं. समोरून एका शब्दाचाही आग्रह नाही, उलट "त्यांना विश्रांती घेऊ द्या" असा निरोप. मी महिनाभर खोटी बँक चालवत होते, आणि जावयाचं दमणं मात्र पहिल्या फटक्यात वठलं. नवऱ्याला हे सांगितलं तर तो तिसरा अनारसा तोंडात कोंबत म्हणाला, "मग आधीपासून माझंच नाव सांगायचं ना." तो तेव्हा अमेरिकेत होता, हे त्याच्या लक्षात नव्हतं.

निघायच्या दोन दिवस आधी, ६ ऑगस्टला रविवारी, आईच्या कॅलेंडरवर शेवटची बँक होती. सकाळी आत्याचा फोन. "मी पासबुक भरायला येऊ का?"

आली ती एसटीने, एकटीच, हातात फ्रीजरमध्ये जपलेल्या आमरसाचा डबा घेऊन. मे महिन्यात आटवून ठेवला होता म्हणे, पोरांसाठी. स्वयंपाकाचं कुणी नाव काढलं नाही. दुपारी खिचडी, पापड आणि तो रस. मग हॉलमध्ये चटया पसरल्या आणि सगळे आडवे झाले. बाहेर पावसाची रिपरिप. निहारने आत्याच्या पोटावर पाय टाकले होते आणि ती त्याला नोटा मोजायची बँकेतली पद्धत शिकवत होती, पत्त्यांचा गठ्ठा डाव्या हाताच्या बोटांत अडकवून उजव्या अंगठ्याने सरसर. इरा अंगठा ओला करून पाहत होती. नवरा खरोखरच घोरत होता.

तेवढ्यात फोन वाजला. आईने उचलला. खालच्या आळीतल्या काकू होत्या, संध्याकाळी चहाला या म्हणत होत्या.

"नाही हो," आई म्हणाली, "सगळी बँकेत गेलीत."

आत्या चटईवर ताडकन उठून बसली आणि पत्ते खाली सांडले. "वहिनी, रविवार!"

आईने फोनवर हात ठेवला, आमच्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं, आणि हात काढून म्हणाली, "एटीएमला. रांग फार आहे म्हणे."