आधी दुकानं, मग डिस्ट्रिब्युटर

"ताई, तुमचा गाळा भांडुपला आणि माल विकला जातो पार लातूरपर्यंत. आमचंही छोटं युनिट आहे. नव्या गावात भरवशाचा डिस्ट्रिब्युटर सापडतो कसा, आणि सापडला तर टिकतो कसा?"

तुम्ही विचारलंत म्हणून लातूरचंच सांगते. आम्ही दाराखिडक्यांचं हार्डवेअर बनवतो: टॉवर बोल्ट, अल्ड्रॉप, बिजागऱ्या, हँडल. मुंबईत आमचा माल नागदेवी स्ट्रीटच्या घाऊक दुकानांत जातो आणि तिथून पुढे कुठे पोचतो ते आम्हाला धड कळत नाही. लातूरला मात्र आपला म्हणावा असा माणूस हवा होता.

नव्या गावात पाय ठेवला की बहुतेक जण सगळ्यात मोठं दुकान गाठतात. मी ते शेवटी करते. मोठ्या दुकानदाराकडे आपल्यासारखे तीन-चार ब्रँड आधीच असतात. आपला माल तो घेतो, पण पुष्कळदा शेजारच्याला मिळू नये एवढ्याचसाठी, आणि मग तो गोडाऊनच्या मागच्या रांगेत पडून राहतो. त्यामुळे आधी छोटी दुकानं. लातूरच्या गंजगोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात, तिथली जुनी हार्डवेअरची दुकानं पायी होतात. त्याहून महत्त्वाची असतात औसा रोड, अंबाजोगाई रोडकडची प्लायवूड-हार्डवेअरची दुकानं, कारण नवी घरं तिकडे होतात आणि सुतार-मिस्त्री तिथे सकाळी उभे असतात. सॅम्पलची पिशवी जड असते, पण ती न्यावीच लागते. अल्ड्रॉप हातात घेऊन त्याचं वजन बघितल्याशिवाय दुकानदार बोलत नाही.

दुकानात मी माझ्या मालाबद्दल कमी बोलते. हा माल सध्या कोणाकडून येतो, सांगितल्यावर किती दिवसांत पोचतो, आणि वसुलीला कोण येतं, एवढंच विचारते. खरी माहिती तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात असते. गावभर फिरलात की तीच दोन-तीन नावं पुन्हा पुन्हा कानावर येतात. एकाबद्दल सगळे म्हणत होते, "लई चांगला माणूस, कधी पैशाला तगादा नाही." दुसऱ्याबद्दल जरा तोंड वाकडं करून, "आप्पा? शनिवार आला की त्यांचा पोरगा दारात हजर. सोडत नाही." मी आप्पांकडे गेले. जो बाजारातून पैसे मागत नाही त्याचा पैसा बाजारात अडकलेला असतो, आणि तुमचं बिल तो त्या अडकलेल्या पैशातूनच देणार असतो.

जायच्या आधी दोन गोष्टी बघून घेतल्या. दुकानांतून आप्पांच्या बिलावरचा जीएसटी नंबर मिळाला होता. जीएसटीच्या वेबसाइटवर तो टाकला की नोंदणी कधीची आहे आणि रिटर्न कोणत्या तारखेला भरले जातात ते कोणालाही दिसतं. महिन्यामागून महिना रिटर्न उशिरा भरलं जात असेल तर समजायचं, हातात रोकड नाही. (तिमाही रिटर्न भरणाराही असतो, त्यामुळे नुसत्या मोकळ्या महिन्यांवरून घाबरू नये.) दुसरं म्हणजे, तो आणखी काय विकतो? आप्पांकडे कुलपं, स्क्रू आणि चॅनेल होते. म्हणजे त्यांचा पोरगा आधीपासून त्याच काउंटरवर जात होता. सिमेंट-स्टीलवाल्याकडे पैसा जास्त असतो, पण त्याचा माणूस प्लायवूडच्या दुकानाची पायरी चढत नाही.

आप्पांसमोर बसले तेव्हा हातात सॅम्पलबरोबर ऑर्डर बुकही होतं, दुकानांचे शिक्के मारलेल्या छोट्या छोट्या ऑर्डरींचं. "ह्यो माल मी घेतला नाही तर?" त्यांनी विचारलं. "तर ही दुकानं दुसऱ्या कोणाकडून घेतील," मी म्हटलं. ते हसले, चहा सांगितला, आणि मग खरं बोलणं सुरू झालं.

मी टक्केवारीची तयारी करून गेले होते. आप्पांचा पहिला प्रश्न होता, "माझा पैसा किती अडकणार, ते सांगा." आम्ही एका जुन्या बिलाच्या मागे हिशोब मांडला. धरा, महिन्याला 3 लाखांचा माल खपतो. 8 टक्क्यांनी 24 हजार सुटतात. टेम्पो, हमाली आणि पोराच्या पगारातला वाटा धरून 12 हजार खर्च, उरले 12 हजार. आता पैसा: एक महिन्याचा साठा म्हणजे 3 लाख आणि दुकानांना 30 दिवसांची उधारी म्हणजे आणखी 3 लाख. आम्ही 20 दिवसांची मुदत दिली तर त्यातले 2 लाख आमचे. आप्पांच्या खिशातले 4 लाख. त्यावर 12 हजार, म्हणजे महिन्याला 3 टक्के.

मग मी विचारलं, दुकानांनी 60 दिवस लावले तर? उधारी 6 लाख होते, अडकलेला पैसा 7 लाखांवर जातो, आणि तेच 12 हजार पावणेदोन टक्क्यांच्याही आत येतात. बँकेच्या कॅश क्रेडिटचं व्याज वजा करा, मग डिस्ट्रिब्युटर फोन उचलायचा का बंद होतो ते कळेल. माल वाईट नसतो, मार्जिनही कमी नसतं, त्याचा पैसा फिरायचा थांबलेला असतो.

आप्पा म्हणाले, "मग एक टक्का वाढवून द्या की." एक टक्का म्हणजे 3 हजार. 4 लाखांवर 15 हजार, म्हणजे पावणेचार टक्के. मी साठ्याच्या आकड्यावर पेन ठेवला. महिन्यातून एकदा 3 लाखांचा माल पाठवण्याऐवजी दोनदा दीड-दीड लाखाचा पाठवला तर साठा निम्मा होतो, त्यांचे अडीच लाखच अडकतात आणि मार्जिन तेवढंच ठेवून महिन्याला 4.8 टक्के पडतात. आमचं ट्रान्सपोर्टचं भाडं थोडं वाढतं, पण ते एका टक्क्यापेक्षा कमी आहे. आप्पांनी तो कागद घडी करून गल्ल्यात ठेवला.

हे चालायचं तर एक पथ्य पाळावं लागतं. आपण किती माल पाठवला हा आकडा विसरायचा आणि त्यांच्याकडून दुकानांत किती गेला तो धरायचा. दर महिन्याच्या 25 तारखेला आप्पांचा पोरगा साइझनुसार शिल्लक साठा पाठवतो आणि पुढची गाडी त्यावरूनच भरली जाते. मार्च एंडला टार्गेटसाठी माल ढकलणारे मी बघते. मग एप्रिल-मेमध्ये, बांधकामाच्या ऐन हंगामात, त्यांची ऑर्डर येत नाही, कारण डिस्ट्रिब्युटर आधीचाच माल विकत बसलेला असतो. न चालणारे साइझ आम्ही तीन महिन्यांच्या आत, पॅकिंग धड असेल तर, बदलून देतो.

उधारीचा आमचा नियम सरळ आहे. पहिली गाडी रोख, दुसरी निम्मी रोख, त्यानंतर 20 दिवस. दोन बिलं थकली तर तिसरी गाडी निघत नाही. आमची उद्यम नोंदणी आहे आणि तिचा नंबर प्रत्येक बिलावर छापलेला असतो. लेखी करार असला तरी सूक्ष्म-लघु उत्पादकाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचं, असा कायदा आहे. 2023-24 पासून त्याला आयकराची जोड मिळाली: मुदत उलटून 31 मार्चला थकलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्चात धरता येत नाही, पैसे देईल त्या वर्षीच धरता येते. त्यामुळे मार्चमध्ये पार्ट्यांचे सीए त्यांना आमची आठवण करून देतात. तरी एखादा म्हणतो, "ताई, माल परत घ्या, एप्रिलमध्ये नवीन बिल करा." असं म्हणणाऱ्याचा साठा मी त्याच आठवड्यात जाऊन बघते.

सगळं सुरळीत चालू असताना उदगीरहून आप्पांच्या पोराने दोन फोटो पाठवले. एका दुकानात आमचाच आठ इंची टॉवर बोल्ट, त्यांच्या दरापेक्षा स्वस्त. आप्पांचा आवाज थंड होता. "ताई, दुसरा डिस्ट्रिब्युटर केला असेल तर सांगा तसं." आमच्या प्रत्येक खोक्याच्या आतल्या झाकणावर महिन्याचा आणि पार्टीचा छोटा शिक्का असतो. आतला फोटो मागवला. खोका नागदेवीचा निघाला.

तिथल्या घाऊक व्यापाऱ्याने काही चोरी केली नव्हती. त्याला तिमाही खरेदीवर आमचीच स्कीम होती. टार्गेटला थोडं कमी पडत असलं की तो शेवटच्या आठवड्यात जास्तीचा माल उचलतो, येणारी स्कीम आधीच दरातून सोडून देतो आणि ज्या ट्रकला जागा असेल त्यात माल चढवतो. तो ट्रक उदगीरला गेला. अशा वेळी डिस्ट्रिब्युटरला नुसती समजूत घालून भागत नाही. उदगीरच्या दुकानांत आप्पांचा जेवढा माल होता त्याच्या दरातल्या फरकाची क्रेडिट नोट आधी काढली. मग नागदेवीची प्रमाणावरची स्कीम बंद करून तेवढीच सूट वेळेवर पैसे देण्याला जोडली. रोख पैसे दिल्यावरच सूट मिळणार असेल तर नको असलेला माल कोणी उचलत नाही. आणि डिस्ट्रिब्युटरसाठी वेगळ्या फिनिशची, स्क्रूसकट पॅकिंगची एक मालिका केली, जी नागदेवीला जात नाही. नागदेवीची विक्री त्या तिमाहीत घटली. ते गृहीतच धरलं होतं.

क्रेडिट नोटचं एक सांगायलाच हवं. डिस्ट्रिब्युटर कंपनी सोडतो त्याचं कारण विचारा, दहातले निम्मे म्हणतील, "क्लेम अडकले." तुटका माल, स्कीमचा फरक, दुकानाला दिलेली सूट, हे सगळं तो आधी खिशातून देतो आणि नंतर तुमच्याकडे मागतो. पाच-सहा हजारांचा क्लेम तीन महिने रखडला की त्याच्या डोक्यात तो पन्नास हजारांचा होतो. आमच्याकडे 10 तारखेच्या आत क्लेम निघतो, वादाचा असेल तर त्याच दिवशी फोनवर नाही म्हणून सांगते.

हल्ली आप्पांना नांदेडही हवं आहे. मी नाही म्हटलंय. डिस्ट्रिब्युटरचा इलाका जिल्ह्याच्या नकाशावरून मी ठरवत नाही. त्याचा टेम्पो सकाळी माल टाकून, मागची वसुली घेऊन संध्याकाळी घरी येतो, तेवढाच तो इलाका. लातूरहून नांदेडची दुकानं करून हे जमत नाही. माल पोचेल, पण वसुली फोनवर होईल, आणि फोनवरची वसुली म्हणजे 60 दिवस. नांदेडला दुसरे शेठ आहेत. प्रश्न उरला अहमदपूरचा. जिल्हा लातूर, पण रस्त्यात मध्येच, आणि तिथली दुकानं दोन्हीकडून माल घेतात. सध्या तिथल्या प्रत्येक दुकानाची वसुली कोण नियमित करतं त्याची यादी मी दोघांकडून मागवली आहे. आप्पांची आली, नांदेडची यायची आहे.