टोचणी-मालिका: सातव्या चिठ्ठीने घाम काढला

टाळलेल्या कामासाठी एक टोचणारी ओळ आणि खाली पहिलं पाऊल, अशा बारा चिठ्ठ्या दिवाळीआधी लिहून संपवतो म्हटलं होतं. नऊवर गाडी अडलीय. एकट्या सातवीने तीन आठवडे खाल्ले.

गिऱ्हाईक तोच, पारोळ्याकडचा माझा चुलतभाऊ. कपाशी वेळेवर लावतो, पण खर्चाचा हिशोब कायम 'उद्या बघू'. सातवीची ओळ होती: ‘हिशोब थांबलाय, पावत्या थांबत नाहीत.’ खाली पहिलं पाऊल: ‘वही उघड.’ ओळ त्याला इतकी आवडली की वहिनीला वाचून दाखवली. वही काही उघडली नाही.

मी वेड्यासारखा ओळच बदलत बसलो. टोमणा झाला, विनवणी झाली, ‘हात त लाव रे भो’ही झालं. शेवटी घरी जाऊन बघितलं. वही कपाटात, कपाटाची किल्ली वहिनीकडे, पावत्या बियाण्याच्या पिशवीत, पेन पोरीच्या दप्तरात. म्हणजे मी एक पाऊल म्हणून चार पावलं लिहिली होती, आणि त्यातलं पहिलं होतं किल्ली मागणं! आता माझी कसोटी अशी: पाऊल वाचून माणूस ‘कुठंय?’ किंवा ‘कोणतं?’ विचारत असेल, तर ते पाऊल अजून मोठं आहे.

मग मानसशास्त्रज्ञ गॉलविट्झरची १९९९ सालची ‘जर-तर’ची मांडणी आठवली: नुसतं काय करायचं ते ठरवू नका, कशानंतर करायचं तेही आधीच बांधून ठेवा. चहाच्या जागेजवळ भिंतीला एक तार टांगली, पिशवी खाली ठेवली. नवं पाऊल: ‘चहाचा कप खाली ठेवला, की वरची एक पावती तारेत ओव.’ निवडायचं काही नाही, शोधायचं काही नाही. पहिल्या आठवड्यात सातपैकी पाच दिवस झालं. चुकलेले दोन दिवस चहा शेतात झाला होता. खूण घरात राहिली, माणूस बाहेर. सहाव्या दिवशी पठ्ठ्याने स्वतःच किल्ली मागितली. वहिनीचा फोन आला तेव्हा मी बसमध्ये उभा होतो, तिथंच हसलो.

आठवी मात्र पहिल्याच झटक्यात लागली. ‘पंपाला मुहूर्त लागत नाही.’ पाऊल: मिस्तरीचा नंबर भिंतीवर खडूने लिही. फोन करायचा नाही, फक्त नंबर. तिसऱ्या दिवशी मिस्तरी आला.

सामानाबद्दल: पारदर्शक चिकटपट्टी आपल्याकडच्या उन्हात टिकत नाही, दुपारपर्यंत चिठ्ठी जमिनीवर. लग्नपत्रिकेची मागची बाजू फुकट मिळते, पण गुळगुळीत असली तर मार्कर पसरतो. मी साधा पुठ्ठा आणि खिळ्यावर आलोय.

दहावी व्यायामावर होती, ती आत्ता लिहितालिहिता रद्द करतोय. तो सकाळी चपला कुठं काढतो हेही मला ठाऊक नाही. रविवारी आधी तेवढं बघून येतो. आणि शेतातल्या चहासाठी दुसरी तार टांगण्यापेक्षा एखादी पावती खिशातच ठेवायला लावावी का? पण मग धुण्यात जाईल... वहिनीला विचारतो.