नॉयफार्नला दुभंगणारी गाडी

म्युनिकला येऊन मला पाचच दिवस झाले होते. त्या संध्याकाळी माझी मावसबहीण शिक्षणासाठी तिथे उतरणार होती आणि तिला आणायला मी विमानतळावर जाणार होतो. मुख्य स्थानकावर उभे राहून अ‍ॅप उघडले, तेव्हा S1 या उपनगरी गाडीच्या एकाखाली एक दोन नोंदी दिसल्या. वेळ तीच आणि फलाटही तोच. पण एकीपुढे Freising लिहिलेले होते आणि दुसरीपुढे Flughafen München, म्हणजे विमानतळ. एकच गाडी दोन्ही गावे घेत जात असणार, असा अर्थ मी लावला. विमानतळाच्या नोंदीखाली बारीक अक्षरांत hinterer Zugteil असे शब्द होते. त्यांचा अर्थ ‘गाडीचा मागचा भाग’ असा आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. गर्दी टाळण्यासाठी मी सर्वांत पुढच्या डब्यात जाऊन बसलो.

ही गाडी नॉयफार्न स्थानकात दुभंगते. पुढचा भाग फ्रायझिंगला जातो आणि मागचा विमानतळाकडे वळतो. तिथे गाडी काही मिनिटे थांबली, घोषणाही झाली. परंतु वेगाने बोललेल्या जर्मनमधून मला गावांच्या नावांपलीकडे काही उमगले नाही. पुढच्या स्थानकाची पाटी ‘पुलिंग’ अशी होती. अ‍ॅपने दाखवलेल्या थांब्यांत ते नाव नव्हते, आणि तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला.

तेवढ्यात बहिणीचा फोन आला. “दादा, मी सामान घेऊन बाहेर आले. तू कुठे आहेस?” परक्या देशातल्या तिच्या पहिल्या तासात मी तिला एकटीला उभे केले, याचे मला फार वाईट वाटले. जागेवरून हलू नकोस, एवढे सांगून मी फ्रायझिंगला उतरलो. माझी अडचण ऐकून एका वृद्ध बाईंनी मला स्थानकाबाहेरच्या ६३५ क्रमांकाच्या बसपर्यंत नेले. ती बस थेट विमानतळावर जाते.

खरे तर चूक नॉयफार्नलाही सुधारता आली असती. जोडलेल्या दोन भागांमध्ये आतून जाण्याची वाट नसते, त्यामुळे फलाटावर उतरून मागे चालत जावे लागते. मात्र प्रत्येक भागाच्या बाहेरील फलकावर त्याचे स्वतःचे गंतव्य लिहिलेले असते. तो फलक मी चढताना वाचायला हवा होता. S8 ही गाडी दुसऱ्या बाजूने, न दुभंगता विमानतळावर जाते, हेही मला नंतर कळले.

बहीण सामानाच्या गाडीला टेकून उभी होती. मला पाहताच तिने काही न बोलता पाण्याची बाटली पुढे केली. परतताना आम्ही पुन्हा S1 घेतली, कारण शहराकडे येताना चुकण्याचा प्रश्न नसतो. नॉयफार्नला हलका धक्का बसला, तशी ती दचकली. फ्रायझिंगहून आलेला भाग आमच्या गाडीला जोडला जात होता.