माइक एकच, दर दोन

गेल्या महिन्यात एका ताईंना फोटोच्या दुरुस्तीचं कोटेशन पाठवलं होतं. त्यांचा उलट प्रश्न आला : टेबलावरची पाण्याची बाटली आणि पुष्पगुच्छ काढायचे ₹200, आणि तोंडासमोरचा माइक काढायचे ₹2,200? माइक तर बाटलीपेक्षा लहान आहे.

प्रश्न रास्त होता. मीच तीन ओळींत आकडे टाकून मोकळा झालो होतो. फोटो त्यांच्या वडिलांचा, निवृत्तीच्या निरोप समारंभातला. अंगावर सत्काराची शाल, कपाळावर गंध, चेहरा जरा डावीकडे वळलेला, नजर कॅमेऱ्याच्या बाजूला. वडील आता नाहीत. वर्षश्राद्धाच्या आधी हा फोटो 12 × 18 इंचांत फ्रेम करायचा होता. समारंभाच्या फोटोग्राफरने काढलेला असल्यामुळे मूळ फाइल 4000 × 6000 पिक्सेलची होती आणि हनुवटीपासून केसांच्या कडेपर्यंत चेहरा साधारण 900 पिक्सेलचा. छातीपर्यंत कापून घेतला तरी छपाईला पुरेल इतका तपशील त्यात होता. अडचण एकच. लाल स्पंजची टोपी घातलेला माइक खालच्या ओठाचा मधला भाग, तोंडाचा डावा कोपरा, डाव्या बाजूच्या मिशीचं टोक आणि अर्धी हनुवटी झाकून बसला होता.

आकडे तसेच ठेवून मी पत्र नव्याने लिहिलं. ते असं :

नमस्कार ताई,

कोटेशनमध्ये तीन रकमा आहेत. बाटली आणि पुष्पगुच्छ ₹200, शालीवरून गेलेला माइकचा दांडा आणि वायर ₹300, आणि तोंडासमोरचा माइक ₹2,200. माझा दर तासाला ₹400 आहे आणि तो तिन्ही कामांना सारखाच लावला आहे. वस्तूच्या आकाराचे पैसे मी लावत नाही. ती काढल्यावर तिथे काय भरायचं, ते शोधायला लागणाऱ्या वेळाचे लावतो.

बाटलीच्या मागे टेबलावरचं पांढरं कापड आहे. बाटली काढली की आजूबाजूचंच कापड त्या जागी आणायचं. एखादी चुणी मूळ चुणीपेक्षा बोटभर इकडेतिकडे पडली, तर कोणाचंही काही अडत नाही. हे अर्ध्या तासाचं काम. शालीवर दांडा गेलाय तिथे जरीचा काठ आहे, त्यामुळे काठाची नक्षी दोन्ही बाजूंनी जुळवावी लागेल. पण नक्षी पुन्हा पुन्हा तीच येते, म्हणून नमुना शालीतच मिळतो. त्याला पाऊण तास.

माइकच्या मागे बाबांचं तोंड आहे, आणि ते या फोटोत कुठेच नाही. फोटोशॉपला 'भर' म्हटलं तर ते शेजारची कातडी किंवा शेजारचे केस उचलून आणतं. तुमच्या फोटोवर मी करून पाहिलं. ओठाच्या जागी गाल आला आणि हनुवटीवर मिशी उगवली. टेबलाच्या कापडाला शंभर उत्तरं चालतात, चेहऱ्याला एकच चालतं, आणि ते तुमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. ओठाचा कोपरा दोन मिलिमीटर वर गेला तरी आईंना 'हे कोणीतरी दुसरेच' असं वाटेल. नेमकं काय चुकलंय ते त्यांना सांगता येणार नाही, पण वाटेल नक्की.

उजवी बाजू उलटवून डावीकडे लावता येईल का, असंही तुम्ही विचारलं आहे. कानाला किंवा कपाळाच्या कडेला ते कधी कधी चालून जातं, इथे चालणार नाही. चेहरा वळलेला असल्यामुळे दोन्ही अर्धांची रुंदी वेगळी आहे. स्टेजचा दिवा बाबांच्या उजवीकडून, वरून आहे, म्हणजे उजवा गाल उजळ आणि डावा सावलीत. उलटवलेला उजेड चुकीच्या बाजूला येईल. शिवाय तुम्ही पाठवलेल्या बाकीच्या फोटोंत बाबांचं हसू दर वेळी उजवीकडे जास्त चढलेलं दिसतं. दोन्हीकडे सारखं चढवलं, तर तो त्यांचा चेहरा राहणार नाही.

म्हणून तोंड दुसऱ्या फोटोतून घ्यावं लागेल. तो रेफरन्स फोटो चालतो की नाही, हे मी चार गोष्टींवरून पाहतो. मान जवळपास तितकीच वळलेली हवी. दहा-पंधरा अंशांचा फरक सांभाळून घेता येतो, त्यापुढे ओठांचा आकारच बदलतो. उजेड त्याच बाजूचा हवा. फोटो लांबून काढलेला हवा. हातभर अंतरावरून घेतलेल्या सेल्फीत नाक मोठं आणि जबडा निमुळता होतो, तसं तोंड या चेहऱ्यावर बसत नाही. आणि वय तेच हवं. तुम्ही पाठवलेल्या सात फोटोंपैकी दोन सेल्फी आहेत, तीन फोटोंत मिशी काळी आहे, एकात दात वेगळे दिसतात. दातांचं काम नंतर झालं असावं. उरला एक, पण तो व्हॉट्सअॅपवरून आलेला आहे आणि त्यात चेहरा जेमतेम 200 पिक्सेलचा आहे. त्यावरून ओठांची ठेवण कळेल, पण कातडीचा पोत मिळणार नाही.

आता साडेपाच तासांचा हिशोब. रेफरन्स तपासून निवडायला पाऊण तास. तो बाबांच्या चेहऱ्यावर बसवायला पाऊण तास : इथे माप हनुवटीवरून घेता येत नाही, कारण तीच झाकलेली आहे. दोन्ही फोटोंत दिसणाऱ्या डोळ्यांच्या रेषेपासून नाकाच्या बुडापर्यंतचं अंतर जुळवायचं, मग तोंडाचा उघडा असलेला उजवा कोपरा एकावर एक आणायचा. तो कोपरा हा या कामातला खुंटा आहे. ओठ किती उघडे होते आणि हसू किती होतं, ते तोच सांगतो.

ओठ आणि हनुवटीला दीड तास. त्यात रंग-छाया एका लेयरवर आणि कातडीचा बारीक पोत दुसऱ्या लेयरवर असं वेगळं करतो. छाया रेफरन्सवरून बसवायची, पोत मात्र याच फोटोतल्या उजव्या हनुवटीवरून आणि जबड्यावरून घ्यायचा, म्हणजे दाढीची खुंटं त्याच दिवसाची राहतात. नुसतं ब्रशने रंगवलं तर ती जागा मेणासारखी दिसते. स्क्रीनवर खपून जातं, पण 18 इंचांच्या प्रिंटवर उघडं पडतं.

मिशीला एक तास. पांढरे-करडे केस एक-दोन पिक्सेलच्या ब्रशने एकेक ओढावे लागतात, मुळाशी जाड आणि टोकाला बारीक, आणि काही ओठावर आलेले.

पुढचा पाऊण तास माइक गेल्यानंतर मागे राहणाऱ्या गोष्टींचा. तुमचा फोटो मोठा करून पाहा. माइकची सावली गळ्यावर आणि शर्टाच्या कॉलरवर डावीकडे पडली आहे. माइक काढला आणि ही सावली राहिली, तर गळ्याला डाग लागल्यासारखी दिसते. दुसरी खूण आणखी लपलेली आहे. स्पंज लाल आहे, आणि त्याचा लालसर उजेड हनुवटीच्या खालच्या कडेवर आणि नाकाच्या टोकाखाली आला आहे. आत्ता तो लक्षात येत नाही, कारण शेजारी लाल वस्तू दिसते. वस्तू गेली की तिथे पुरळ आल्यासारखं वाटतं. उजेड-अंधार तसाच ठेवून फक्त रंग बदलावा लागतो.

शेवटचा पाऊण तास घरच्यांच्या दुरुस्त्यांचा. तो मी सोडत नाही. मी बाबांना कधी पाहिलेलं नाही.

खर्च कमी करायचा एक खरा मार्ग आहे. त्या फोटोग्राफरकडे याच फ्रेमच्या आगेमागे काढलेले फोटो मागा. अल्बमसाठी निवडलेले नकोत, सगळे हवेत. बोलणाऱ्या माणसाचे सहसा पाच-सहा फोटो लागोपाठ काढलेले असतात. उजेड, अंतर, दाढी, सगळं तेच मिळेल. फाइल्स व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून किंवा ड्राइव्हवर द्या. समारंभाचं व्हिडिओ शूटिंग असेल तर तेही पाठवा. पोत मिळणार नाही, पण ओठांची हालचाल कळेल.

असं काहीच मिळालं नाही, तर छोट्या फोटोवरून काम होईल, पण डाव्या कोपऱ्याचा काही भाग माझा अंदाज असेल. ते मला पसंत नाही, म्हणून आधीच सांगतो. तशा वेळी माइक ठेवून बाकीचं साफ करून घ्यावं, असं माझं मत. बोलताना काढलेल्या फोटोत माइक खटकत नाही. सुरुवातीला ₹500 पाठवा. त्यात रेफरन्सची तपासणी आणि एक कच्चा जुळवलेला नमुना येईल. पुढे जायचं नसेल तर बाकी काही नाही, जायचं असेल तर हे पैसे बिलात वजा.

तुमचा,
(सही)

चार दिवसांनी ताईंनी फोटोग्राफरकडून आगेमागच्या पाच फाइल्स मिळवल्या. तिसऱ्यात बाबांनी मान मागे घेऊन माइकपासून तोंड लांब नेलं होतं. हनुवटी पूर्ण दिसत होती, मिशीचं डावं टोकही. मात्र ते मोठ्याने हसत होते आणि दात दिसत होते, त्यामुळे ओठ वापरता येत नव्हते. हसताना गाल वर ओढले जातात, म्हणून हनुवटीवरची कातडीही थोडी ताणलेली होती. पाचव्यात ओठ मिटत आलेले होते, पण माइक पुन्हा अर्ध्यावर. तिसऱ्यातून हनुवटीची कड आणि मिशी घेतली, पाचव्यातून खालच्या ओठाचा डावा भाग, आणि दोन्हींचं माप डोळे-नाकावरून जुळवलं. मिशीचे केस ओढायचं काम जवळजवळ वाचलं. सावली आणि लाल छटा यांना मात्र ठरलेला पाऊण तास लागलाच.

मग फोटो आडवा उलटवून पाहिला, अंगठ्याएवढा करून पाहिला, आणि वर कृष्णधवल लेयर ठेवून पाहिला. उलटवल्यावर डोळ्याची सवय मोडते आणि वाकडं तोंड लगेच दिसतं. अंगठ्याएवढ्या फोटोत ओळख पटते की नाही ते कळतं. रंग काढले की उजेडाचं ठिगळ वर येतं; मला ते ओठाखालच्या खळग्यात सापडलं. तिथे दोन फाइल्सची जोड होती आणि एक बाजू किंचित फिकी होती.

आईंसाठी 4 × 6 चा प्रिंट काढून दिला. फोनवर दाखवलं की लोक बोटांनी मोठं करून कातडी बघतात, कागदावर चेहरा बघतात. प्रिंट दुसऱ्या दिवशी परत आला. खालच्या ओठाखाली, डावीकडे, बॉलपेनने तांदळाएवढी तिरकी रेघ काढली होती. लहानपणी पडल्याचा व्रण. तिसऱ्या फाइलमध्ये पुन्हा पाहिलं, तर तो तिथे होता. जोड सारखी करताना मीच तो डाग समजून पुसला होता. मास्क तेवढ्या जागी मागे घेतला आणि व्रण मूळ फाइलमधलाच परत आणला.

माइकचं काम साडेपाचऐवजी पावणेचार तासांत झालं. बिल त्याप्रमाणे ₹1,500 लावलं. बाटली-पुष्पगुच्छाचे ₹200 आणि शालीचे ₹300 धरून ₹2,000, त्यातून आधीचे ₹500 वजा. फाइल दोन रूपांत दिली : छपाईसाठी टीआयएफएफ आणि घरच्यांना पाठवायला जेपेग. लेयर असलेली मूळ फाइल जपून ठेवली आहे, माइक असलेल्या फोटोसकट.